बेकरीचे अँबेसेडर: बक्षीस कोणाला, कशाचं आणि किती

प्रश्न: नागपुरात मनीषनगरला आमची छोटी बेकरी आहे. केक, पॅटिस, नानकटाई, टोस्ट सगळं करतो. काही नेहमीचे ग्राहक आपणहून आमच्या केकचे फोटो टाकतात. त्यांना अँबेसेडर करून दर पोस्टला २० टक्के सूट द्यावी असं मनात आहे. किती जण घ्यावेत, सूट देणं बरोबर आहे का, आणि फायदा होतोय हे कळणार कसं?

ताई, सूट किती द्यायची हे जरा वेळाने बघू. आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हे लोक आज फुकट फोटो टाकतात. उद्या त्याचे पैसे द्यायला लागलात आणि तेवढेच फोटो तेवढ्याच लोकांपर्यंत गेले, तर तुमच्या हातात नवीन काहीच आलं नाही. म्हणून आपण नेमकं काय विकत घेतोय ते ठरवा. माझ्या मते बेकरीसाठी त्याचं उत्तर एकच आहे: आजवर आपल्याकडून कधीच केक न नेलेलं एखादं घर पहिल्यांदा ऑर्डर द्यायला येणं.

मी नागपुरातल्या बेकऱ्या आणि मिठाईच्या दुकानांसाठी हेच काम करतो. ब्रेड, पाव, टोस्ट, खारी हा माल घराजवळचं दुकान म्हणून विकला जातो. त्यासाठी कुणी पोस्ट बघून वर्धा रोड ओलांडून येत नाही. केकचं तसं नसतं. वाढदिवसाला गेलेला माणूस एक घास खातो आणि विचारतो, "केक कुठून आणला?" अँबेसेडरची पोस्ट म्हणजे हा प्रश्न विचारण्याआधीच दिलेलं उत्तर. त्यामुळे सगळी योजना केकच्या ऑर्डरभोवती बांधा, पॅटिस आणि टोस्टला त्यात ओढू नका.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. शनिवार-रविवारी तुम्हाला आत्ताच ऑर्डरी नाकाराव्या लागत असतील, तर ही योजना सध्या नको. नवीन माणूस यायचा, त्याला "आज जमणार नाही" ऐकावं लागायचं आणि तो पुन्हा फिरकायचा नाही. गल्ल्यातला मोठा भाग ब्रेड-टोस्टचा असेल आणि केक आठवड्याला चार-पाचच जात असतील, तरीही थांबा. आधी केकचा हात बसू द्या. ऑर्डर बुकमध्ये पुन्हा पुन्हा तीच नावं दिसतात आणि मधल्या वारी ओव्हन रिकामा असतो, अशी स्थिती असेल तर मात्र ही योजना तुमच्यासाठीच आहे.

माणसं निवडताना इन्स्टाग्राम उघडू नका, ऑर्डर बुक उघडा. फॉलोअर्सचा आकडा इथे फसवतो. एखाद्या मुलीला आठ हजार लोक फॉलो करत असतील, पण त्यातले निम्मे पुण्या-मुंबईचे असतात आणि उरलेल्यांपैकी बरेच पार कोराडी-कामठीकडचे. तुमची डिलिव्हरी मात्र बेसा, नरेंद्रनगर, सोमलवाडा एवढ्यातच. याउलट साठ फ्लॅटच्या सोसायटीत राहणारी, पोरांच्या शाळेच्या ग्रुपमध्ये असलेली एखादी वहिनी दीडशे लोकांनाच दिसते, पण ते दीडशे तुमच्या दुकानासमोरून रोज जातात.

मी तीन गोष्टी बघतो. गेल्या वर्षभरात किमान तीनदा केक नेलेला असावा. घर किंवा ऑफिस डिलिव्हरीच्या टप्प्यात असावं. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: प्रत्येकाचं वर्तुळ वेगळं असावं. एक जण मिहानमधल्या कंपनीतला, एक बँकेतली, एक शिक्षिका, एक जिममध्ये जाणारा तरुण, एक भजनी मंडळातल्या काकू, आणि बाकीचे वेगवेगळ्या सोसायट्यांमधले. एकाच इमारतीतले दोघं घेतलेत तर दोघांची पोस्ट तीच माणसं बघणार आणि बक्षिसं दोन जाणार.

सुरुवातीला बारा जण पुरेत. काउंटरवरच्या मुलाला बारा नावं पाठ राहतात, चाळीस राहत नाहीत. ज्याला नाव आठवत नाही तो नोंद करत नाही, आणि नोंद झाली नाही की तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीच मिळणार नाही.

आमंत्रण व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकदम टाकू नका. तो माणूस केक न्यायला येईल तेव्हा तुम्ही स्वतः बोला. साधारण असं: "वहिनी, तुम्ही मागच्या वेळी आमच्या केकचा फोटो टाकला होता, तो बघून दोघं जण आले. आम्ही दहा-बारा जणांना अँबेसेडर करतोय, तीन महिन्यांसाठी. घरी केक नेलात की वाटलं तर फोटो टाकायचा, बेकरीचं नाव लिहायचं. महिन्यात दोनदापर्यंत आमच्याकडून एक डबा. आवडलं नाही तर नाही टाकायचं, आणि मध्येच सोडलंत तरी चालेल." तीन महिन्यांची मुदत पहिल्याच दिवशी सांगा. मुदत न सांगता सुरू केलेली गोष्ट बंद करताना नेहमीचा ग्राहक दुखावतो, आणि तो गेला तर सगळ्या योजनेचा फायदा त्यातच जातो.

आता सूट देण्याकडे येऊ. २० टक्के सूट मला पटत नाही, आणि केवळ खर्चामुळे नाही. ६०० रुपयांच्या केकवर तुम्ही १२० रुपये सोडता, हे तर आहेच. पण तुमचा सर्वांत चांगला ग्राहक, जो आजवर पूर्ण पैसे आनंदाने देत होता, त्याच्या डोक्यात तुमच्या केकची किंमत ४८० होऊन बसते. तीन महिन्यांनी त्याला पुन्हा ६०० सांगायला जीभ रेटत नाही. शिवाय ही गोष्ट तो मैत्रिणीला सांगतो तेव्हा "केक छान असतो" ऐवजी "मला तिथे स्वस्त मिळतो" असं सांगतो. ती मैत्रीण आली की पहिला प्रश्न भावाचा असतो.

त्यापेक्षा वस्तू द्या, आणि तीही काउंटरवर अजून न आलेली. पाव किलो नानकटाईचा किंवा नव्या कुकीजचा डबा तुम्हाला ४५ रुपयांत पडत असेल, तर घेणाऱ्याच्या नजरेत तो ९० चा असतो. "हे पुढच्या आठवड्यात काउंटरवर येणार, आधी तुम्ही खाऊन सांगा" एवढं वाक्य त्या डब्याबरोबर गेलं की तो नुसता मोबदला राहत नाही, त्या माणसाचं मत विचारल्यासारखं होतं. बऱ्याचदा त्या डब्याचा फोटोही आपोआप येतो.

नागपूरचं हवामान मात्र धरून चला. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत बक्षीस म्हणून पेस्ट्री किंवा क्रीम रोल देऊ नका. दुपारी चार वाजता स्कूटरच्या डिक्कीतून गेलेलं क्रीम घरी पोहोचेपर्यंत बसलेलं असतं आणि फोटो नेमका त्याचाच निघतो. तेव्हा नानकटाई, जिरा बिस्किट, टोस्ट ठीक. पावसाळ्यात खारी नको, दमट हवेत दोन तासांत मऊ पडते. द्यायचीच तर घट्ट झाकणाच्या डब्यात. क्रीमचं जे काही द्यायचं ते थंडीत.

बक्षीस पोस्टला द्या, स्तुतीला नाही. नियम इतका सरळ ठेवा: केकचा फोटो, बेकरीचं नाव, कोणत्या भागात आहे ते. यापुढे काय लिहायचं ते त्याचं तो बघेल. मी अनेक दुकानदारांना चार ओळींचा मजकूर तयार करून सगळ्यांना वाटताना पाहिलं आहे. मग एकाच आठवड्यात बारा लोकांच्या स्टेटसवर "चवीला अप्रतिम, दर्जा उत्तम" असं एकसारखं दिसतं आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं. याउलट घरच्या ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो, मागे आजी टाळ्या वाजवतेय, केकचा एक तुकडा आधीच कापलेला आहे आणि आतला थर दिसतोय, खाली लिहिलंय "बाबांना साखर कमी लागते, म्हणून मुद्दाम कमी गोड सांगितला होता, तसाच दिला". या एका ओळीतून ज्यांच्या घरी असे बाबा आहेत ते सगळे तुमचे गिऱ्हाईक होऊ शकतात. अशी ओळ तुम्ही लिहून देऊ शकत नाही.

तुमच्या बाजूने फक्त एक मदत करा. डब्याच्या झाकणावर नाव असेल तर ते कापताना बाजूला जातं आणि फोटोत येत नाही. केकच्या पुठ्ठ्याच्या कडेला, पुढच्या बाजूला, बोटभर रुंद पट्टी लावा: बेकरीचं नाव आणि "मनीषनगर". कसाही फोटो काढला तरी ती दिसते. लहान मुलांचा वाढदिवस असेल आणि तो फोटो तुम्हाला तुमच्या पानावर वापरायचा असेल, तर आई-वडिलांना वेगळं विचारा. त्यांनी स्वतःच्या स्टेटसवर टाकला म्हणजे तुम्हाला परवानगी दिली असं होत नाही.

कुठे टाकायचं? इन्स्टाग्राम स्टोरी आणि व्हॉट्सॲप स्टेटस दोन्ही २४ तासांनी जातात. स्टोरीत तुम्हाला टॅग केलं तर ती तुमच्या मेसेजमध्ये येते, तिथून तुमच्या स्टोरीवर घेता येते. पण त्या माणसाचं खातं प्रायव्हेट असेल आणि तुम्ही त्याला फॉलो करत नसाल, तर तुम्हाला काहीच दिसत नाही. मग तो म्हणतो टाकलं होतं, काउंटरवरचा मुलगा म्हणतो आलंच नाही, आणि नसती कटकट होते. हे आमंत्रणाच्या वेळीच विचारून घ्या. व्हॉट्सॲप स्टेटस तर तुम्ही दोघांनीही एकमेकांचे नंबर सेव्ह केले असतील तरच दिसतं. माझा अनुभव असा, की मोहल्ल्यातल्या केकच्या ऑर्डरीसाठी व्हॉट्सॲप स्टेटस इन्स्टाग्रामपेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण तिथे बघणारे सगळे ओळखीचे आणि जवळचे असतात. पुरावा म्हणून पोस्टचा स्क्रीनशॉट पुरे. कोणी कोणी बघितलं त्या नावांच्या यादीचा स्क्रीनशॉट मागू नका, ती दुसऱ्यांची माहिती आहे.

यापुढचा भाग बरेच जण सोडून देतात, तुम्ही सोडू नका. वस्तू देऊन घेतलेली पोस्ट ही जाहिरात आहे आणि बघणाऱ्याला तसं कळलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेची म्हणजे एएससीआयची इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली २०२१ पासून लागू आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना निघाल्या, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने एक सोपी पुस्तिकाही काढली. पैसे दिले तरच ते "मोबदला", असं यात नाही. फुकट वस्तू, सूट, भेट हे सगळं त्यात येतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मोहल्ल्यातल्या बेकरीवर कुणी लगेच धावून येईल असं मी म्हणत नाही. पण ज्या शेजाऱ्यांच्या विश्वासावर हे सगळं चालतं, त्यांना दोन महिन्यांनी "हिला डबे मिळतात म्हणून लिहिते" असं दुसरीकडून कळलं, तर तिचाही शब्द जातो आणि तुमचाही.

उपाय अगदी सोपा आहे. फोटोवरच, वाचता येईल अशा अक्षरात "जाहिरात" हा शब्द, आणि शेजारी "या बेकरीकडून मला भेट मिळते" एवढं वाक्य. खाली वीस हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेलं चालत नाही. लोक याने बिचकतील अशी भीती दुकानदारांना असते. मला तसं झालेलं दिसलं नाही. ओळखीच्या माणसाने उघड सांगितलं की उलट विचारतात, "मला कसं होता येईल?"

गुगल रिव्ह्यू मात्र या योजनेच्या पूर्ण बाहेर ठेवा. सूट, पैसे किंवा फुकट वस्तूच्या बदल्यात घेतलेला रिव्ह्यू गुगलच्या धोरणात बसत नाही, मग तो कितीही खरा असो. असे रिव्ह्यू काढून टाकले जातात आणि दुकानाच्या प्रोफाइलवर निर्बंधही येऊ शकतात. बारा लोकांना बक्षीस देऊन बारा रिव्ह्यू घ्यायचे आणि वर्षानुवर्षं जमलेले आपोआपचे रिव्ह्यू धोक्यात घालायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे.

आता फायदा कसा कळणार ते. लाइक आणि व्ह्यू मोजू नका. ऑर्डर बुकमध्ये एक रकाना वाढवा: "कोणाकडून कळलं". ऑर्डर घेताना प्रत्येकाला हा एक प्रश्न विचारायचा, फोनवर असो की काउंटरवर. समोरचा म्हणाला "स्नेहा वहिनींचं स्टेटस बघितलं", की स्नेहा लिहायचं. कूपन कोड बनवलेत तर लोक ते विसरतात, माणसाचं नाव विसरत नाहीत. दुसरं काम लगेच तिथेच: फोन नंबर जुन्या ऑर्डरीत आहे का ते बघायचं. नंबर नवा असेल तरच "नवीन". पत्ताही बघा, कारण नवऱ्याच्या नंबरवरून दिलेली ऑर्डर नवं घर होत नाही.

एक हिशेब मांडतो, आकडे तुमचे टाकून बघा. बारा जण, महिन्यात प्रत्येकी दोन पोस्ट, डबा तुम्हाला ४५ रुपयांत. म्हणजे २४ डबे, १,०८० रुपये. हा खर्च एकही ऑर्डर न येता होणार. आता नवीन येणाऱ्याला पहिल्या केकवर ६० रुपये कमी केलेत, आणि ज्याच्या नावाने तो आला त्याला ५० रुपयांपर्यंतचं एक जादा पाकीट. केक सरासरी ६०० चा, त्यात माल आणि डब्याचा खर्च ४५ टक्के धरला तर हातात ३३० उरतात. त्यातून ६० आणि ५० गेले, उरले २२०. म्हणजे महिन्याला पाच नवीन घरं आली की डब्यांचे १,०८० भरून निघतात. नऊ आली तर १,९८० मिळाले, डबे वजा जाता ९०० रुपये वर.

हे ९०० बघून खूश होण्याआधी पुढचं बघा. समजा त्या नऊपैकी तीन घरं तसंही येणारच होती, दुकानाची पाटी बघून. "कोणाकडून कळलं" विचारल्यावर त्यांनी सहज एक नाव घेतलं आणि तुम्ही दोन्ही बक्षिसं दिलीत. मग योजनेमुळे खरोखर मिळालेले केक सहाच, त्यांचे १,९८०, आणि खर्च मात्र नऊ जणांचा: १,०८० अधिक ९९०, म्हणजे २,०७०. हिशेब नव्वद रुपये खाली गेला. म्हणून नवीन कोण हे काटेकोर ठरवायचं आणि नावाची सूचना समोरच्याच्या तोंडून येऊ द्यायची. "स्नेहा वहिनींनी सांगितलं का?" असं काउंटरवरच्या मुलाने विचारलं की समोरचा हो म्हणतो आणि नोंद खोटी होते. ती घरं तशीही येणारच होती की नाही, हे पूर्णपणे कधीच कळत नाही. पण योजना सुरू करण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत दर महिन्याला किती नवे नंबर आले होते ते आत्ताच मोजून ठेवा. त्या आकड्याच्या वर जे येईल तेच योजनेचं.

पहिल्या केकवर बरोबरी झाली तरी मी योजना चालू ठेवतो, कारण खरी कमाई दुसऱ्या केकवर असते. घरात आई-बाबा, दोन मुलं धरली तरी वर्षाला चार वाढदिवस आणि एक लग्नाचा वाढदिवस. म्हणून नव्या ग्राहकाच्या ऑर्डरीसमोर ज्याचा वाढदिवस होता त्याची तारीख लिहा आणि सहा महिन्यांनी बघा, त्या नंबरवरून पुन्हा किती ऑर्डरी आल्या. आल्या नसतील तर अँबेसेडर बदलून उपयोग नाही, केक किंवा डिलिव्हरी यांतच काहीतरी कमी पडतंय.

बिघाड बहुतेक वेळा तिसऱ्या महिन्यात दिसतो. पोस्ट येत राहतात, डबे जात राहतात, पण नव्या नंबरांचा रकाना रिकामा. त्या माणसाच्या ओळखीत ज्यांना यायचं होतं ते येऊन गेले, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी त्यांना आभाराचा एक छोटा केक देऊन मुदत संपवा आणि दुसऱ्या वर्तुळातला माणूस घ्या. तान्ह्या पोळ्याच्या आसपास हा बदल केला तर सोयीचं जातं. पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी फिरतात, बोजारा म्हणून बिस्किटांची छोटी पाकिटं लागतातच, आणि त्या निमित्ताने नव्या घरांशी बोलणं होतं.

दुसरा बिघाड म्हणजे अँबेसेडरच्याच घरी केक खराब गेला. कडेचा स्पंज कोरडा, नावात चूक, उशीर. हे कधीतरी होणारच. त्या दिवशी तिने तसं लिहिलं, किंवा काहीच टाकलं नाही, तरी ठरलेला डबा द्या, केक बदलून द्या आणि तिला "ती पोस्ट काढता का" असं म्हणू नका. बाकीच्या अकरा जणांपर्यंत ही गोष्ट पोहोचतेच, आणि तुमच्या डब्याला स्तुतीची अट नाही हे त्यांना तेव्हाच पटतं.

तुम्ही या आठवड्यात एवढंच करा: मागच्या बारा महिन्यांच्या ऑर्डर बुकमधून तीनदा केक नेलेली नावं काढा, समोर त्यांची सोसायटी किंवा ऑफिस लिहा, आणि मागच्या दोन महिन्यांतले नवे नंबर मोजा. यादी आणि तुमच्या केकची सरासरी किंमत इथे लिहिलीत (फोन नंबर सोडून), तर बारा कोण असावेत आणि डबा कितीचा परवडेल ते आपण मिळून बघू.